टीमला मेल लिहायचाय: अचानक काम बदललं, काय थांबवायचं ते कसं सांगू?

मधला_खांब

नमस्कार मंडळी. मी सात जणांची सॉफ्टवेअर टीम सांभाळतो. आम्ही ज्यांच्यामार्फत ग्राहकांकडून पैसे घेतो, त्या पेमेंट कंपनीची जुनी प्रणाली वर्षअखेरीस बंद होणार होती. काल त्यांनी कळवलं की ती १४ नोव्हेंबरलाच बंद होईल. म्हणजे हातात सहा आठवडे. नवीन प्रणालीला जोडून घेतलं नाही तर १५ तारखेपासून पैसे जमा होणं बंद. चर्चेला जागाच नाही, सगळ्यांना तिकडे वळवायचंय.

सध्या हातात असलेली कामं अशी. रिपोर्टची नवी स्क्रीन, जिचा कोड झालाय आणि टेस्टिंग राहिलंय. ग्राहकांचा डेटा जुन्या डेटाबेसमधून नव्यात हलवणं, जे साधारण निम्म्यावर आलंय. साइन-अपच्या फॉर्मची नवी रचना, ज्याची फक्त चित्रं तयार आहेत. आणि रोजच्या तक्रारी.

मी लिहिलेला मसुदा:

> विषय: महत्त्वाचे - प्राधान्यक्रमातील बदल
>
> सर्वांना नमस्कार,
> व्यवसायाच्या बदलत्या गरजा लक्षात घेता आपल्याला आपले प्राधान्यक्रम पुन्हा ठरवावे लागत आहेत. पुढील काही आठवडे पेमेंटच्या कामाला सर्वोच्च प्राधान्य राहील. इतर कामे तूर्तास कमी प्राधान्यावर ठेवावीत. आपल्या सर्वांच्या सहकार्याची अपेक्षा आहे. काही शंका असल्यास माझ्याशी संपर्क साधावा.

उद्या सकाळी पाठवायचाय. काय सुधारू?

---

वैतागलेला

असले मेल आले की समजायचं, जहाज बुडतंय. आमच्याकडेही "बदलत्या गरजा" आल्या आणि तीन महिन्यांत निम्मा मजला रिकामा झाला. आजच बायोडेटा अपडेट करा. तुमच्या मॅनेजरला विचारून उपयोग नाही, तो काय खरं सांगणार?

---

मधला_खांब

वैतागलेला, तो मॅनेजर मीच आहे हो. :) मेल मला आलेला नाही, मला पाठवायचाय.

---

रेवती_म

पण त्यांच्या गैरसमजाकडे दुर्लक्ष करू नका. मसुदा वाचून पहिलाच माणूस नोकरकपातीवर पोचला! तुमच्याकडे इतकं साधं आणि स्वच्छ कारण आहे (त्यांनी तारीख अलीकडे आणली, १५ पासून पैसे येणार नाहीत) आणि तुम्ही ते "व्यवसायाच्या बदलत्या गरजा" या गोणपाटात गुंडाळलंय. इथे धाग्यात जे दोन ओळींत लिहिलंत तेच मेलमध्ये लिहा की.

---

थेटभेट

मेल कशाला हवाय पण? सात तर माणसं. सगळ्यांना एका खोलीत बोलवा, पंधरा मिनिटांत सांगा, प्रश्न तिथेच संपतात. मेल लिहिला की लोक ओळींमधलं वाचत बसतात. फारच वाटलं तर नंतर चार ओळींचा मेल टाका. लांबलचक मेल कोणी वाचत नाही.

---

अनुस्वार

थेटभेट, बोलून आधी सांगावं हे शंभर टक्के पटलं. त्यातही ज्यांचं काम थांबतंय त्यांना खोलीत सगळ्यांसमोर नाही, त्याच्या आधी एकेकट्याला. रिपोर्ट स्क्रीनवर महिनाभर डोकं घातलेल्या मुलीला ते थांबल्याचं सामूहिक मेलमधून कळलं तर पुढचे दोन दिवस तिच्याकडून पेमेंटचं काही होणार नाही.

पण मेल लागतोच. एक तर कोणीतरी रजेवर असतं. दुसरं म्हणजे हा मेल टीमपुरता राहत नाही, सेल्सवाले आणि सपोर्टवाले तो पुढे ढकलतात. तीन आठवड्यांनी "रिपोर्ट स्क्रीनचं काय झालं?" असा फोन आला की तुमच्या माणसाला दाखवायला काहीतरी लेखी लागतं. तोंडी सांगितलेल्याच्या तोवर सात आवृत्त्या झालेल्या असतात.

आता मसुद्याबद्दल. माझ्या मते खरा घोळ "कमी प्राधान्यावर ठेवावीत" या शब्दांत आहे. त्याचा अर्थ काय? वेळ मिळाला तर करायचं? अजिबात हात लावायचा नाही? माणसं त्याचा आपापल्या सोयीने अर्थ लावतात, आणि कष्टाळू माणूस हमखास "वेळ मिळाला तर" असा लावतो. मग तो संध्याकाळी उशिरा बसून रिपोर्टचं टेस्टिंग करतो आणि सकाळी पेमेंटच्या कामावर पेंगतो. हे होतंय की नाही ते ओळखायला सोपं आहे. मेलनंतरच्या दोन-तीन सकाळच्या स्टँडअपमध्ये कान द्या. कोणी "काल थोडं रिपोर्टचंही बघितलं" म्हणालं, की तुमचा मेल पोचलेला नाही असं समजा.

म्हणून प्रत्येक कामापुढे थांबवलं, चालू किंवा मर्यादित चालू, यातला एकच शब्द. आणि थांबवलेल्या प्रत्येक कामापुढे ते कुठल्या अवस्थेत ठेवून उठायचं, हे. कारण सगळी कामं सारखी थांबत नाहीत. साइन-अप फॉर्मची फक्त चित्रं आहेत, फाईल बंद केली की थांबलं. रिपोर्ट स्क्रीनचा कोड वेगळ्या ब्रांचवर पडून राहिला तर सहा आठवड्यांत मुख्य कोड इतका पुढे जाईल की परत जोडताना आठवडा जाईल. त्यापेक्षा आत्ता दीड-दोन दिवस देऊन तो फीचर फ्लॅगच्या मागे मर्ज करून टाका आणि फ्लॅग बंद ठेवा. वापरणाऱ्याला दिसणार नाही, पण रोजच्या बदलांबरोबर तो जिवंत राहील.

डेटा हलवण्याचं काम मात्र तुम्ही म्हणता तसं थांबूच शकत नाही. निम्मे ग्राहक इकडे, निम्मे तिकडे. आत्ता लिहिताना दोन्हीकडे लिहिता का?

---

मधला_खांब

हो, हललेल्या ग्राहकांचा प्रत्येक बदल जुन्या-नव्या दोन्ही डेटाबेसमध्ये लिहितो. रात्री एक जॉब दोन्हीकडचं ताडून बघतो आणि फरकांची यादी मेल करतो. रोज पाच-दहा फरक येतात, एक जण सकाळी ते दुरुस्त करतो. माझा विचार होता की नवीन बॅच हलवणं बंद करायचं, बाकी आहे तसं राहू द्यायचं.

---

अनुस्वार

बघा, "आहे तसं राहू द्यायचं" यातच रोज सकाळचा अर्धा तास आहे, आणि तो तुमच्या मेलमध्ये कोणाच्याच नावावर नाही. तो माणूस "थांबवलं" वाचून मोकळा होईल. रात्रीची यादी येत राहील, कोणी उघडणार नाही. सहा आठवड्यांनी परत याल तेव्हा शेकडो फरक साठलेले असतील, आणि त्यातलं खरं कुठलं, जुन्यातलं की नव्यातलं, हे सांगायला कोणी उरलेलं नसेल. आज फरक दिसला तर ग्राहकाने काल काय बदललं ते लॉगमध्ये मिळतं. दीड महिन्याने बहुतेक ठिकाणी ते लॉगही गेलेले असतात.

दोनच प्रामाणिक पर्याय आहेत. एक, चालू असलेली बॅच पुरी करून तिथे थांबायचं, आणि ताडणीचं काम "चालू" म्हणून नावासकट लिहायचं. दोन, हललेले ग्राहक परत जुन्यावर आणायचे आणि दुहेरी लिहिणं बंद करायचं. दुसरा स्वच्छ आहे, पण त्यालाही तीन-चार दिवस जातात आणि केलेलं पाण्यात. मी पहिला घेईन.

---

कोरा_कागद

मी सॉफ्टवेअरमधली नाही, एका संस्थेच्या प्रकाशन विभागात आहे. पण हे वाचून राहवलं नाही. आमच्याकडे असंच अचानक वार्षिक अहवालाचं काम पुढे आलं आणि साहेबांनी मेल केला, दोन्ही माहितीपुस्तिका थांबवा. आतल्या सगळ्यांनी थांबवल्या. पण त्यातली एक भाषांतराला बाहेर दिलेली होती. त्या बाईंना कोणी कळवलंच नाही, त्या बिचाऱ्या करत राहिल्या. वेळेत पूर्ण करून पाठवली, सोबत बिल. आणि तोवर मूळ मजकूरच बदलायचं ठरलं होतं. बिल द्यावं लागलं, ते योग्यच होतं, पण भाषांतर कपाटात.

तर तुमच्या चार कामांत बाहेरचं कोणी आहे का तेवढं बघा.

---

मधला_खांब

हे चांगलं आठवण करून दिलंत ताई. साइन-अपची चित्रं बाहेरचा डिझायनर करतोय. आणि रिपोर्ट स्क्रीन एका मोठ्या ग्राहकाला महिनाअखेर दाखवायचं सेल्सने कबूल केलंय.

---

रेवती_म

मग ग्राहकाला कोण सांगणार हे मेलमध्ये हवंच. नाहीतर तो ग्राहक थेट तुमच्या टीममधल्या ओळखीच्या मुलाला विचारणार आणि तो भिडेखातर "बघतो" म्हणणार. "बघतो" म्हणजे होकार, हे जगातल्या प्रत्येक ग्राहकाला माहीत असतं.

---

थेटभेट

बघा, चार ओळींचा मेल म्हणता म्हणता पानभर होत चाललाय.

---

चावी_हरवली

लांबीचं सोडा, मला तारखेचं सांगायचंय. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजेचा घोटाळा झाला तेव्हा मी अशाच मेलांच्या घेणाऱ्या बाजूला होतो. ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी: जावातल्या जवळजवळ सगळ्यांच्या वापरात असलेल्या लॉगिंग लायब्ररीत असं भोक सापडलं की बाहेरचा माणूस एक ओळ पाठवून तुमच्या सर्व्हरवर स्वतःचा कोड चालवू शकत होता. आमच्या साहेबांचा पहिला मेल: सगळं थांबवा, २.१५.० वर जा, सोमवारपासून नेहमीची कामं. सोमवार उजाडतोय तोवर कळलं २.१५.० पुरेसं नाही, २.१६.० घ्या. पुन्हा मेल, पुन्हा "दोन दिवसांत नेहमीची कामं". मग त्यातही खोट निघाली, २.१७.०. हे सगळं दहाएक दिवसांत. तिसऱ्या मेलपर्यंत "नेहमीची कामं कधी" या ओळीवर कोणाचाही विश्वास उरला नव्हता, आणि त्यात साहेबांचा काहीही दोष नव्हता.

त्यानंतर मी स्वतः असे मेल लिहितो तेव्हा थांबवलेलं काम कधी सुरू होईल याची तारीख देत नाही. पुढचा मेल कधी येईल त्याची देतो. ती आपल्या हातात असते.

---

अनुस्वार

+१. फक्त ती तारीख पाळायची. सांगण्यासारखं काही नसलं तरी त्या दिवशी "काही बदल नाही, पुढचा मेल अमुक दिवशी" एवढं पाठवायचं.

---

मधला_खांब

सगळ्यांचं घेऊन पुन्हा लिहिलं. नावांच्या जागी अक्षरं टाकलीत.

> विषय: १४ नोव्हेंबरपर्यंत पेमेंटचं काम, रिपोर्ट आणि साइन-अप आजपासून थांबवत आहोत
>
> मंडळी,
>
> पेमेंट कंपनीने जुनी प्रणाली बंद करण्याची तारीख वर्षअखेरीवरून १४ नोव्हेंबरवर आणली आहे. तोवर आपण नव्या प्रणालीवर गेलो नाही तर १५ पासून ग्राहकांचे पैसे जमा होणार नाहीत. मुदत वाढवून मागितली होती, मिळाली नाही. त्यामुळे आजपासून क, ख, ग आणि घ पूर्ण वेळ पेमेंटवर.
>
> रिपोर्ट स्क्रीन: थांबवलं. च दोन दिवसांत आहे तो कोड फ्लॅगमागे मर्ज करेल, फ्लॅग बंद. त्यानंतर च पेमेंटच्या टेस्टिंगवर. ग्राहकाला मी आणि सेल्स आज कळवतो. तुम्हाला कोणी विचारलं तर माझ्याकडे पाठवा.
>
> साइन-अप फॉर्म: थांबवलं. डिझायनरशी मी बोललो आहे.
>
> डेटा हलवणं: मर्यादित चालू. सुरू असलेली बॅच पूर्ण करायची, नवीन सुरू करायची नाही. रात्रीच्या ताडणीतले फरक छ रोज सकाळी पूर्वीसारखेच दुरुस्त करेल.
>
> ग्राहकांच्या तक्रारी: चालू, पण पैसे अडकलेत किंवा लॉगिन होत नाही अशाच. बाकीच्या नोंदवून ठेवायच्या. हे ज बघेल.
>
> थांबवलेल्या कामावर मधल्या वेळात काम करू नये. ती कामं रद्द केलेली नाहीत, पण कधी सुरू होतील ते आज सांगता येत नाही. पुढचा मेल १८ ऑक्टोबरला.

---

थेटभेट

बरं, मागे घेतो. हा लांब असून वाचला जाईल, कारण प्रत्येक जण आपलं अक्षर शोधेल आणि तेवढं वाचेल.

---

अनुस्वार

विषयाची ओळ छान. फोनवर मेल न उघडताही कळतं. "मुदत मागितली होती, मिळाली नाही" हे ठेवाच, कोणीतरी तेच विचारणार होतं.

---

गप्प_वाचक

पहिल्यांदाच लिहितोय. पेमेंटच्या नव्या प्रणालीत प्रत्येक ग्राहकाच्या कार्डसाठी नवीन टोकन साठवावं लागेल ना? ते कुठल्या डेटाबेसमध्ये? निम्मे ग्राहक दोन्हीकडे लिहिले जातात आणि निम्मे फक्त जुन्यात. पेमेंटवाल्यांनी घाईत टोकन थेट जुन्यात लिहिलं, तर हललेल्या ग्राहकांच्या नव्या नोंदीत ते नसेल. मग थांबवलेलं काम आणि नवीन काम एकाच टेबलावर येतात.

---

मधला_खांब

...

हो. ग्राहकाच्याच टेबलात जाणार. हे आमच्यातल्या कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

---

अनुस्वार

गप्प_वाचक, तुम्ही गप्प राहत जाऊ नका.

मधला_खांब, याचा अर्थ छ चं काम सकाळच्या अर्ध्या तासात बसत नाही. पेमेंटचा कोड जिथे जिथे ग्राहकाच्या नोंदीत लिहितो ते सगळं दुहेरी लिहिण्याच्या वाटेनेच गेलं पाहिजे. रात्रीच्या ताडणीत टोकनचा रकाना वाढवावा लागेल, नाहीतर फरक असूनही यादीत दिसणार नाही. पेमेंटच्या पहिल्या आठवड्यात छ ला त्या चौघांबरोबर बसवा. मेलमध्ये एकच ओळ वाढवा: ग्राहकाच्या टेबलात लिहिणारा कुठलाही बदल छ ने बघितल्याशिवाय मर्ज करायचा नाही.

एवढं बघून मी माझं मत थोडं बदलतोय. उरलेले ग्राहक किती आहेत त्यावर अवलंबून आहे, पण परत जुन्यावर आणण्याचा दुसरा पर्याय एकदा हिशोब करून बघा. चार दिवस आत्ता गेले तरी सहा आठवडे एकाच ठिकाणी लिहाल.

---

चावी_हरवली

नको हो. पैशाच्या कामाच्या तोंडावर डेटा उलटा हलवणं म्हणजे विषाची परीक्षा. दुहेरी लिहिणं निदान रोज चालतंय, तपासलेलं आहे.

---

अनुस्वार

तेही खरं. बाहेरून सांगता येणार नाही, छ ला विचारा.

---

नवीन_भरती

सगळे मॅनेजरच बोलतायत म्हणून दुसऱ्या बाजूने विचारते. मी "च" असते तर माझा पहिला प्रश्न वेगळा असता. माझ्या वर्षाच्या उद्दिष्टांत "रिपोर्ट स्क्रीन ग्राहकांपर्यंत पोचवणे" असं लिहिलंय. ते आता होणार नाही, माझ्या हातात नसताना. मार्चमध्ये तो रकाना रिकामा दिसणार आणि पेमेंटचं श्रेय आधीपासून त्यावर असलेल्या चौघांना. मेलमध्ये याबद्दल अक्षर नाही. अक्षर या शब्दाबद्दल क्षमस्व, कोटी करायचा उद्देश नव्हता. :)

---

मधला_खांब

मुद्दा बरोबर आहे, पण उद्दिष्टं बदलणं माझ्या एकट्याच्या हातात नाही. एचआरची खिडकी वर्षातून दोनदाच उघडते. मेलमध्ये काय लिहू? वचन दिलं आणि पाळता आलं नाही तर आणखी वाईट.

---

रेवती_म

जेवढं हातात आहे तेवढं लिहा. "थांबवलेल्या कामांशी जोडलेली उद्दिष्टं बदलून घेण्यासाठी मी एचआरला आज लिहिलं आहे, उत्तर आलं की सांगतो." मात्र आधी खरंच लिहा आणि मग मेल पाठवा.

---

अनुस्वार

माझं मत थोडं वेगळं. हे सामूहिक मेलमध्ये नको. सेल्स आणि सपोर्टपर्यंत जाणाऱ्या मेलमध्ये तुमच्या माणसांच्या मूल्यमापनाची चर्चा कशाला? च आणि साइन-अपवाल्याशी तुम्ही उद्या सकाळी एकेकटं बोलणारच आहात, तिथे सांगा, आणि त्या दोघांना वेगळ्या दोन ओळी लेखी द्या.

---

नवीन_भरती

वेगळ्या ओळी म्हणजे बाकीच्यांना वाटणार आमचं काहीतरी स्वतंत्र चाललंय. मला सगळ्यांसमोर लिहिलेलं जास्त आवडेल.

---

वैतागलेला

आधीच्या प्रतिसादाबद्दल क्षमस्व, धागा नीट वाचला नव्हता. पण हे एचआरचं लेखी घ्याच. आमच्याकडे तोंडी सांगितलेलं मार्चमध्ये कोणालाच आठवत नव्हतं.

---

मधला_खांब

आत्ताच छ शी फोनवर बोललो. तो म्हणाला उलटं हलवणं नको, पण ताडणीत टोकनचा रकाना घालायला त्याला दोन दिवस लागतील आणि तोवर पेमेंटवाल्यांनी ग्राहकाच्या टेबलाला हात लावू नये. म्हणजे मेलमध्ये क आणि ख ला पहिले दोन दिवस काय करायचं तेही लिहावं लागणार. पेमेंट कंपनीच्या चाचणी खात्यावर जोडणी करून बघा म्हणतो, त्याला आपला डेटाबेस लागत नाही.

एचआरला लिहिलंय. ते मेलमध्ये टाकायचं की वेगळं, हे अजून ठरत नाहीये. उद्या साडेनऊला च शी बोलणार आहे, तिलाच विचारतो तिला कसं हवंय. मेल अकराला जाईल.

---

नवीन_भरती

हे चाललं मला.

---

थेटभेट

१८ ऑक्टोबरचा मेल आत्ताच कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा, त्या आठवड्यात आठवणार नाही.